टिंबाचे ऋण

मी क्रीडा विभागात लागलो ते साल 2008. क्रिकेट पाहत मोठा झालेलो, तेव्हा या कामात शिकण्यासारखे काय असणार, अशी माझी समजूत होती. ती उतरवली आमच्या मुद्रितशोधकांनी. त्यांना सगळे काका म्हणत. मैदानावर ते फारसे गेलेच नव्हते.

त्या वर्षी 1983 च्या विश्वविजयाला 25 वर्षे होत होती. अंतिम सामन्यात भारताचा डाव 54.4 षटकांत 183 धावांत आटोपला होता. मी कॅल्क्युलेटरवर 183 ला 54.4 ने भागून धावगती 3.36 लिहिली. काकांनी मजकूर परत केला. 54.4 मधल्या टिंबाभोवती त्यांनी पेन्सिलने गोल काढला होता.

‘‘हे टिंब काय सांगतं रे?’’

‘‘दशांश चिन्ह आहे, काका.’’

‘‘मग षटकात चेंडू किती? दहा?’’

मी गप्प झालो. 54.4 म्हणजे 54 षटके आणि वर 4 चेंडू, एकूण 328 चेंडू. 183 ला 6 ने गुणून 328 ने भागले की धावगती येते 3.35. ‘‘शंभरावा भागच चुकला ना?’’ मी पुटपुटलो. काका म्हणाले, ‘‘लॉस एंजेलिसला उषाचं पदक तेवढ्यानंच गेलं.’’ 1984 च्या त्या 400 मीटर अडथळा शर्यतीत पी. टी. उषाची वेळ होती 55.42 सेकंद आणि कांस्यपदक विजेतीची 55.41. मला हे पाठ होते, पण आपल्या आकडेमोडीशी त्याचा काही संबंध असेल असे कधी वाटले नव्हते.

त्यानंतर मी फारच शिस्तीचा झालो आणि त्या शिस्तीतच मोठी चूक केली. सगळ्या वेळा दशांशानंतर दोन आकड्यांत हव्यात, असा नियम मीच ठरवला होता. मिल्खासिंग यांच्यावरच्या एका लेखात रोम ऑलिम्पिकमधली, म्हणजे 1960 ची, वेळ 45.6 सेकंद अशी आली. मी शून्य जोडून 45.60 केले. शेजारच्या चौकटीत कांस्यपदक विजेत्या माल्कम स्पेन्सची वेळ दुसऱ्या ठिकाणाहून घेतलेली होती, तीही 45.60. म्हणजे आमच्या पानावर दोघे बरोबरीत! मग मिल्खासिंग चौथे कसे?

काकांनी न रागावता समजावले. त्या शर्यतीच्या वेळा दोन प्रकारे नोंदलेल्या आहेत. हाताच्या घड्याळावर स्पेन्स 45.5 आणि मिल्खासिंग 45.6, तर विद्युत यंत्रावर 45.60 आणि 45.73. हाताचे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंतच सांगत होते. त्यापुढचे शून्य कोणी मोजलेलेच नव्हते, ते मी घातले होते. ‘‘एकसारखं करताना खोटं करू नकोस. दोघांची वेळ एकाच घड्याळाची घे,’’ एवढेच ते म्हणाले. लेख छापून गेला होता. दुसऱ्या दिवशीच्या खुलाशाचा मजकूरही त्यांनीच तपासला.

भाषेच्या बाबतीत ते अधिक हट्टी होते. ‘यष्टी’ दीर्घ, पण ‘यष्टिरक्षक’ ऱ्हस्व. ‘विकेट्स’मधला इंग्रजी ‘स’ खोडायचा. ‘ऑलिंपिक’ की ‘ऑलिम्पिक’ यावर ते वाद घालत नसत. एक ठरवायचे आणि वहीत लिहून ठेवायचे, कारण पुढे संगणकात जुनी बातमी शोधताना दुसऱ्या लेखनाची बातमी सापडत नाही. कसोटीच्या बातमीत मी लिहायचो, ‘‘आज खेळ थांबला तेव्हा तो 62 धावांवर खेळत आहे.’’ काका ‘आज’ खोडून वार घालत आणि ‘आहे’चे ‘होता’ करत. वाचक सकाळी चहा घेताना वाचतो. तेव्हा तो फलंदाज हॉटेलात असतो.

ते निवृत्त झाले तेव्हा ती वही माझ्याकडे आली. तिच्यात खो-खोच्या पानावर फक्त एक ओळ आहे: ‘मिनिटे आणि सेकंद शब्दांत.’ तिचा अर्थ मला बऱ्याच उशिरा कळला. परवा तालुक्याच्या बातमीदाराचा मजकूर आला, त्यात एका खेळाडूचे संरक्षण ‘2.5 मि.’ लिहिले होते. दोन मिनिटे पाच सेकंद, पन्नास सेकंद, की अडीच मिनिटे? तिन्ही खरे वाटू शकते. पान सोडायला दहा मिनिटे होती. फोन लावला आणि विचारले. तो आधी हसला, ‘‘साहेब, त्यात काय एवढं?’’ मग म्हणाला, ‘‘थांबा, गुणपत्रिका बघतो.’’

मी टिंबाभोवती पेन्सिलने गोल काढून थांबलो.