मिरवण्याचं क्रियापद

केरळमधल्या कोट्टयमच्या वलिया पळ्ळीत, म्हणजे 'मोठ्या चर्च'मध्ये, दगडात कोरलेले दोन जुने क्रूस आहेत. त्यांतल्या एकावर पहलवी लेखासोबत सिरियाक भाषेतली एक ओळही आहे. ती बायबलमधली आहे: पौलाचं गलतीकरांस पत्र, सहावा अध्याय, चौदावं वचन. आशय असा की, आपल्या प्रभूच्या क्रुसाखेरीज मी दुसऱ्या कशाचीही फुशारकी मारू नये.

माझं गाव अंबड. तिथून कोट्टयम फार दूर, सिरियाक तर आणखी दूर. पण ही लिपी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती पूर्ण परकी वाटली नाही. आमचा भाग 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि आजोबांची शाळा उर्दूतून झाली. उजवीकडून डावीकडे जाणारी रेघ, एका ठिपक्यानं बदलणारं अक्षर, मधेच तुटणारा शब्द हे सगळं त्यांच्या वहीत मी पाहिलं होतं.

सिरियाकमध्ये बावीस अक्षरं आहेत. त्यांतली आठ पुढच्या, म्हणजे डावीकडच्या अक्षराला हात देत नाहीत. आपल्या ओळीतलं मुख्य क्रियापद घ्या: 'एश्तबहर'. त्यात सहा अक्षरं आहेत: आलफ, शीन, ताव, बेथ, हे, रीश. आलफ, ताव, हे आणि रीश पुढे जुळत नाहीत, त्यामुळे एकच शब्द चार तुकड्यांत दिसतो: 'आलफ', 'शीन-ताव', 'बेथ-हे', 'रीश'. शब्द कुठे संपला हे फटीवरून ठरवायला गेलात, तर एका शब्दाचे चार होतील.

दुसरी अडचण ठिपक्याची. दालथ (द) आणि रीश (र) यांचा आकार सारखाच असतो. ठिपका खाली असेल तर दालथ, वर असेल तर रीश. जुन्या लेखात तो झिजलेला असू शकतो, आणि दगडावरचा खड्डा हा ठिपका आहे की नुसता टवका, हेही सांगता येत नाही. युनिकोडनं ही शंका मान्य केली आहे. दालथ `U+0715`, रीश `U+072A`, आणि शिवाय बिनठिपक्याच्या अक्षरासाठी वेगळी जागा `U+0716`. 'हे द किंवा र आहे, यापुढे मला ठाऊक नाही' असं म्हणणारं हे अक्षर मला फार प्रामाणिक वाटतं. वाचणाऱ्यानं मग शेजारचे शब्द पाहून ठरवायचं. 'दमारन' म्हणजे 'आमच्या प्रभूचा': त्यात पहिलं अक्षर दालथ आणि तिसरं रीश. उलट वाचलं तर शब्दच बनत नाही.

आता क्रियापद सोलू. मूळ आहे ब-ह-र, चमकण्याशी नातं असलेलं. त्याच्या आधी 'श' लावला की 'शबहर', म्हणजे चमकवणं. आपण 'चमकणे'चं 'चमकवणे' करतो तसं. मग 'एथ' लावला की क्रिया कर्त्याकडे वळते: स्वतःला चमकवणं. मराठीत याला नेमका शब्द आहे, मिरवणे. पण 'एथ' आणि 'श' शेजारी आले की 'थ' आणि 'श' जागा बदलतात, 'चिकटणे'चं 'चिटकणे' होतं तसे. 'एथ्शबहर'ऐवजी 'एश्तबहर' होतं. म्हणून नवशिका मुळाच्या क्रमानं लावलेल्या कोशात 'श'पाशी शोधत बसतो, आणि शब्द असतो 'ब'पाशी.

खरी गंमत यापुढे. 'एश्तबहर'चे अर्थ दोन होतात: 'त्यानं मिरवलं' आणि 'मी मिरवेन' किंवा 'मी मिरवावं'. 'मी'चा उपसर्ग 'ए' आहे, आणि 'एथ'च्या सुरुवातीलाही 'ए' आहे. दोन्ही मिसळून जातात आणि एकच रूप उरतं. लिहिताना फरक नाही, उच्चारतानाही नाही.

मग कळतं कशावरून? शेजारच्यांवरून. त्याआधी 'नेहवे' येतो: 'होवो'. तृतीय पुरुषाच्या अशा रूपाआधी 'न' लावणं ही सिरियाकची खूण आहे. इतर अनेक जुन्या आरमाइक बोलींत तिथे 'य' असतो. 'नेहवे'च्या आधी 'नाही' अशा अर्थाचा 'ला', नंतर 'ली' म्हणजे 'मला', आणि क्रियापदाला चिकटून 'द' म्हणजे 'की'. 'मला तसं न होवो की...' एवढं वाचून झाल्यावर पुढचं क्रियापद 'त्यानं मिरवलं' असू शकत नाही. ते 'मी मिरवावं' हेच असणार.

म्हणजे फुशारकी नाकारणाऱ्या ओळीतल्या फुशारकीच्या शब्दात 'मी' वेगळा दिसतच नाही. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही, व्याकरणाचा तो नियम आहे. बढाई दुसऱ्यानं मारली की मी, हे शब्दाला सांगता येत नाही. ते आधीच्या नकारावरून कळतं.