चिठ्ठीवरचे साडेसात मिली

उरणच्या बाजारात औषधाच्या दुकानात मी फार्मासिस्ट म्हणून काम करते. आमच्याकडची बरीच माणसं मुलांना घेऊन मुंबईच्या डॉक्टरांकडे जातात. पूर्वी मोऱ्यावरून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरायचे, आताही उतरतात, आणि जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल आल्यावर नेरूळ-बेलापूरकडे जाणंही सोपं झालं. पण औषध बऱ्याचदा इथे येऊन घेतलं जातं. चिठ्ठी तिकडची, बाटली इकडची. डॉक्टरांनी मनात धरलेली बाटली आणि आमच्या फळीवरची बाटली एकच असेल असं नाही, आणि लहान मुलांच्या पातळ औषधात हा फरक फार मोठा असतो.

पावसाळ्यात एकदा संध्याकाळी करंजाच्या एक काकी आल्या. नातवाला ताप होता, सून घरी त्याच्याजवळ बसली होती. चिठ्ठीवर मुलाचं वजन १२ किलो लिहिलेलं, खाली पॅरासिटामॉल सिरप १२०/५, साडेसात मिली, ताप असल्यास सहा तासांनी. काकींनी चिठ्ठी पुढे केली आणि म्हणाल्या, "तापाचं द्या, साडेसात मिली द्यायचंय, मला तोंडपाठ आहे."

१२०/५ म्हणजे प्रत्येक ५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम औषध. त्या दिवशी माझ्याकडे ती बाटली संपलेली होती. होती ती २५०/५. नाव तेच, खोकं जवळपास तसंच, चवही गोडच. मी ती बाटली नुसती हातात दिली असती तर काकींनी घरी जाऊन पाठ असलेले साडेसात मिलीच पाजले असते.

म्हणून मी आधी मिलिलिटर बाजूला ठेवले आणि मिलिग्रॅम काढले. डोस म्हणजे मिलिग्रॅम. मिलिलिटर हे त्या बाटलीपुरतं माप आहे. १२०/५ च्या बाटलीत एका मिलीत १२० भागिले ५, म्हणजे २४ मिलिग्रॅम. साडेसात मिलीत २४ गुणिले ७.५, म्हणजे १८० मिलिग्रॅम. डॉक्टरांना या मुलाला एका वेळी १८० मिलिग्रॅम द्यायचे होते. हे बरोबर आहे का, तेही तपासता येतं. पॅरासिटामॉल मुलांना किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम एका वेळी देतात. १२ किलोला १२० ते १८०. आकडा मर्यादेच्या वरच्या टोकाला होता, पण मर्यादेत होता.

आता तेच १८० मिलिग्रॅम दुसऱ्या बाटलीतून. २५०/५ मध्ये एका मिलीत ५० मिलिग्रॅम. १८० भागिले ५० म्हणजे ३.६ मिली. साडेसातच्या निम्म्याहूनही कमी. काकींच्या पाठांतराप्रमाणे गेलं असतं तर एका वेळी ३७५ मिलिग्रॅम पोटात गेले असते, किलोमागे तीस मिलिग्रॅमच्या वर. एका डोसने बहुधा काही झालं नसतं. पण ताप दोन-तीन दिवस राहतो, औषध दिवसातून चारदा दिलं जातं, आणि असं दुपटीने चालू राहिलं तर यकृताला इजा होते. तिची खूण पहिल्या दिवशी दिसत नाही. मूल नुसतं मलूल दिसतं, ओकतं, आणि घरचे म्हणतात तापामुळे. जास्त औषध गेल्याचं लक्षात आलं की म्हणूनच लक्षणांची वाट न बघता बाटली घेऊन दवाखान्यात जायचं. यावर उतारा आहे, पण तो लवकर, पहिल्या आठ तासांत मिळाला तर सगळ्यात चांगला चालतो.

चिठ्ठीवर डॉक्टरांचा नंबर होता. मी फोन केला, बाटली बदलतेय, ३.६ मिली देते, असं सांगितलं. त्यांनी होकार दिला. हिशेब बरोबर आला तरी ताकद बदलताना हा फोन करायचाच, असं मी मानते.

काकी मात्र थोड्या नाराज झाल्या. "एवढंसंच? त्याचा ताप उतरेल का?" मी बाटली उलटी करून लेबलाची मागची बाजू त्यांना दाखवली. पुढे मोठ्या अक्षरात नाव असतं, खरा मजकूर मागे बारीक अक्षरात, 'प्रत्येक ५ मिलीमध्ये' अशा अर्थाच्या इंग्रजी ओळीखाली. तिथे औषधाचं नाव आणि समोर मिलिग्रॅम. नावाला चिकटलेल्या आकड्यावर विसंबू नका, असं मी सगळ्यांनाच सांगते. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटच्या कोरड्या सिरपवर २२८.५ लिहिलेलं असतं. तो दोन औषधांचा एकत्र आकडा आहे: अमॉक्सिसिलिन २००, क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड २८.५. डॉक्टरांनी नुसतं अमॉक्सिसिलिन मोजून डोस ठरवला असेल, तर २२८.५ ने भागलेला हिशेब चुकतो.

मग मापाचा प्रश्न आला. बाटलीबरोबरच्या टोपीवर खुणा २.५, ५, ७.५, १० अशा. ३.६ तिच्यात अंदाजानेच घ्यावं लागणार. घरचा चमचा तर मोजमापच नाही. कुणाचा तीन मिलीचा, कुणाचा सहाचा. मी ५ मिलीची सिरिंज सुई काढून दिली. तिच्यावर दोन मोठ्या रेषांमध्ये ०.२ च्या बारीक रेषा असतात. ३ च्या पुढे तीन बारीक रेषा मोजल्या की ३.६. तिथे मी पेनाने खूण केली. गालाच्या आतल्या बाजूने हळूहळू सोडा, एकदम घशात नको, हेही सांगितलं. आणि बाटली प्रत्येक वेळी नीट हलवायची. हे सस्पेन्शन आहे, औषध तळाशी बसतं. न हलवता घेतलं तर वरचं पातळ निघतं, आणि तळाशी उरलेलं नंतर फार कडक होतं.

निघता निघता काकींना आठवलं. "घरी धाकटीची थेंबांची बाटली आहे. रात्री हे सांडलं-बिंडलं तर तीच दिली तर चालेल ना? थेंब म्हणजे सौम्यच असेल."

हा समज मला वारंवार भेटतो आणि मला त्याची खरोखर भीती वाटते. तान्ह्या बाळाला थोड्याच द्रवात औषध जावं म्हणून थेंब उलट जास्त कडक बनवतात. पॅरासिटामॉलच्या थेंबांत बऱ्याचदा एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतात, आणि लेबलवरही 'प्रत्येक मिलीमध्ये' असंच लिहिलेलं असतं, ५ मिली नाही. त्यातून १८० मिलिग्रॅम म्हणजे फक्त १.८ मिली. साडेसात मिली गेले तर ७५० मिलिग्रॅम. तीन बाटल्या, एकच औषध, एकच मूल: ७.५, ३.६ आणि १.८.

काकींनी ते तीन आकडे मला कागदावर लिहून मागितले. मी तीन आकडे दिले नाहीत. बाटलीच्या लेबलवर मुलाचं वजन, '१ मिली = ५० मिलिग्रॅम' आणि '३.६ मिली' एवढंच लिहिलं, आणि थेंबांची बाटली धाकटीपुरतीच वेगळ्या जागी ठेवायला सांगितली. वजन वाढलं की हा आकडा बदलेल, तेव्हा पुढच्या तापाला जुन्या लेबलवरून देऊ नका, बाटली घेऊन या, असंही सांगितलं. रात्री सुनेचा फोन आला. ३.६ दिलंय, पण तासाभरात ताप उतरला नाही म्हणून अजून एकदा देऊ का, विचारत होती. मी नाही म्हटलं. सहा तास व्हायला हवेत, तोवर पाणी पाजत राहा, आणि मूल सुस्त वाटलं किंवा पीत नसेल तर औषधाची वेळ बघत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.