दोन हसनाबाद आणि एक पंगत

भोकरदन तालुक्यातील हसनाबादच्या एका व्यापारी घरात डिसेंबरात मुलीचे लग्न होते. पहिली कुंकुमपत्रिका मंदिरात ठेवली गेली. परगावच्या व परदेशातील आप्तांसाठी मुलीच्या धाकट्या भावाने संकेतस्थळ तयार केले.

नकाशासाठी त्याने केवळ गावाचे नाव दिले होते. अमेरिकेतील मावशीने तो उघडताच तिच्यापुढे आले पश्चिम बंगालमधील, इच्छामतीकाठचे हसनाबाद! मग भावाने मांडवाच्या नेमक्या जागेवर खूण करून तिचाच दुवा दिला आणि खाली ‘तालुका भोकरदन, जिल्हा जालना’ असे लिहिले.

खरी उणीव प्रतिसादाच्या अर्जात होती. त्यात ‘येणार का?’ एवढाच प्रश्न होता. चाळीस घरांनी ‘होय’ कळविले. परंतु निमंत्रण सहपरिवार, तेव्हा पाने किती मांडायची? शिवाय डिसेंबरात तेथे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. चौविहार पाळणाऱ्यांची पंगत त्याआधी उठावयास हवी. आजोबांनी जुन्या लग्नाची वही उघडून नातवाला रकाने दाखविले: जेवण कोणते, माणसे किती, सूर्यास्तापूर्वी जेवणारे किती. अर्ज त्याप्रमाणे बदलला, पुन्हा पाठविला, आणि सायंकाळच्या जेवणासाठी 131 माणसे, त्यांपैकी 52 चौविहारवाली, असा आकडा आचाऱ्याच्या हाती आला.

आजोबांच्या गावातीलच थोरल्या बहिणीला मात्र दुवा पाठविला नाही. आजोबा स्वतः अक्षता घेऊन गेले. ते परतल्यावर नातवाने तिच्या घरची पाच माणसे अर्जात भरली; 131 चे 136 झाले.