सरासरीच्या खाली गेलं की निम्मा

गोंडपिपरीत शेअरबाजार म्हटलं की लोक अजूनही एक पाऊल मागे सरकतात. आपल्याकडे धान आणि कापूस हाच खरा बाजार. पण मोबाइल आल्यापासून वर्गात बसून गेलेली पोरंही डिमॅट खातं उघडून बसली आहेत. माझा भाचा त्यातलाच एक. त्याच्या खात्यातले एक लाख रुपये माझ्या बहिणीने भिशीतून वर्षानुवर्षं जमवलेले, म्हणून तो हिसाब घेऊन माझ्याकडे आला तेव्हा मी वही उघडायला लावली.

तो फ्युचर्स-ऑप्शन्स करत नाही, हे आधी सांगतो. 2022 ते 2024 या तीन आर्थिक वर्षांत त्या व्यवहारांतल्या शंभरातल्या 93 वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला, असं सेबीनेच सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केलं. भाचा फक्त डिलिव्हरी घेतो. दलालाकडून व्याजाने पैसे उचलत नाही, ते आमच्या घरात चालणारही नाही. शेअरने जुना उच्चांक ओलांडला की घ्यायचा आणि ठरलेल्या किमतीखाली आला की विकायचा, एवढीच त्याची पद्धत. एका सौद्यात जास्तीत जास्त एक हजार रुपये जाऊ द्यायचे. 200 रुपयांचा शेअर 190 ला विकायचं ठरलं असेल, तर 100 शेअर.

त्याचा प्रश्न असा होता : "मामू, लागोपाठ तोटे व्हायला लागले की सौदा मोठा करून भरून काढावं, की लहान करावं?"

लहान करण्याचा एक नियम बाजारात जुना आहे. प्रत्येक सौद्यानंतर खात्यात किती रक्कम झाली ते मांडत जायचं. ही झाली भांडवलाची रेषा. मग शेवटच्या काही रकमांची सरासरी काढायची, म्हणजे नवी रक्कम आत घ्यायची आणि सर्वांत जुनी सोडून द्यायची. आजची रक्कम सरासरीच्या खाली असेल तर पुढचा सौदा निम्मा, वर असेल तर पूर्ण. लोक सहसा दहा-वीस सौद्यांची सरासरी घेतात. वहीवर समजावं म्हणून आम्ही पाचाची घेतली आणि त्याच्या पहिल्या अकरा सौद्यांवर मागे जाऊन हा नियम लावून पाहिला. सोयीसाठी आकडे हजारांत पूर्ण केले आहेत.

सुरुवात 100. सौदे असे : +2, +1, +3, −1, +2. रक्कम 107, आणि पाचांची सरासरी 104.6. सगळं ठीक. मग −1, रक्कम 106, सरासरी 105.4. अजून वरच. पुन्हा −1, रक्कम 105, सरासरी 105.8. इथे रेषा सरासरीच्या खाली गेली, म्हणजे आठवा सौदा निम्मा, 100 ऐवजी 50 शेअर. आठवा, नववा, दहावा तिन्ही तोट्यात गेले. पूर्ण आकाराने खातं 102 वर आलं असतं, निम्म्याने ते 103.5 वर थांबलं. दीड हजार वाचले.

भाचा खूश झाला. मी म्हटलं, अकरावा मांड.

अकरावा +3 होता. तोही निम्म्याच आकाराने, कारण रेषा अजून सरासरीखालीच होती. पूर्ण आकाराचं खातं 105 झालं. निम्म्याचं 103.5 अधिक 1.5, म्हणजे तेही 105. तीन तोट्यांत वाचवलेले दीड हजार एका नफ्यात परत गेले. फरक राहिला तो मधल्या खड्ड्याचा : 107 वरून एकजण पाच हजार खाली गेला, दुसरा साडेतीन हजार. माझ्या मते हा फरक क्षुल्लक नाही, कारण पैसे बहिणीचे आहेत आणि ती नफा किती होईल हे कधी विचारत नाही, किती खाली जाईल एवढंच विचारते. पण नियमाने कमाई वाढली असं कुणी सांगितलं तर त्याला अकरावा सौदा दाखवावा.

कमाई कधी वाढेल? तोटे घोळक्याने येत असतील तर. उच्चांकावर घेणाऱ्याचे तोटे कधीकधी तसे येतातही. सप्टेंबर 2024 मध्ये निफ्टी 26,277 ला जाऊन आला आणि मग फेब्रुवारी 2025 पर्यंत सलग पाच महिने घसरत राहिला. अशा काळात जो शेअर उच्चांक ओलांडतो तोच चार दिवसांत मागे पडतो. पण पडझडीत खरेदी करणाऱ्याचं उलट असतं. 23 मार्च 2020 ला निफ्टी एका दिवसात सुमारे 13 टक्के पडून 7,610 वर बंद झाला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जुन्या उच्चांकाच्या पुढे गेला. त्या खरेदीदाराला या नियमाने नेमकं तळाशीच हात आखडायला लावलं असतं.

मग भाच्याचे तोटे घोळक्याने येतात का? हे तपासायला शाळेतली चिठ्ठ्यांची रीत कामी आली. त्याच्या वहीत 120 सौदे होते : 66 तोट्याचे, 54 नफ्याचे. तोट्याच्या 65 सौद्यांना पुढचा सौदा होता, त्यांतल्या 40 वेळा पुढचाही तोटाच. मग 120 चिठ्ठ्यांवर तो-न लिहून डब्यात ढवळल्या, एकेक काढून ओळीत मांडल्या आणि तोट्यामागून तोटा किती वेळा येतो ते मोजलं. वीस वेळा ढवळलं. बहुतेक वेळा 32 ते 39 यांच्यात आकडा आला, पण दोनदा नुसत्या योगायोगानेच 40 च्या घरात गेला. म्हणजे त्याचे 40 हे संशय घेण्याइतके आहेत, खात्री करण्याइतके नाहीत. एवढ्या वहीवर यापेक्षा जास्त बोलता येत नाही.

चिठ्ठ्या मोजताना बहिणीने विचारलं, तोटा लागला की निम्मं कशाला, बंदच का नाही? प्रश्न चांगला होता. सरासरीखाली गेल्यावर सौदे पूर्ण थांबवले, तर खात्याची रक्कम 105 वरच गोठेल. पाच नोंदींनंतर सरासरीही 105, आणि रेषा तिच्या वर कधीच जाणार नाही. नियमाने स्वतःलाच कोंडून घेतलं. म्हणून रेषा नेहमी पूर्ण आकाराच्या कागदी हिसाबावर काढायची, सौदा प्रत्यक्षात निम्मा असो वा शून्य. भाच्याच्या वहीत आता दोन रकाने आहेत : डावीकडे कागदी, उजवीकडे खरा. सरासरी डावीकडचीच. तोट्याचा कागदी सौदा टाळला की डावा रकाना खोटा होतो, आणि मोह नेमका तिथेच होतो.

आणखी एक बारीक गोष्ट. शेअर विकताना डिपॉझिटरीचं शुल्क प्रत्येक कंपनीमागे ठरावीक असतं, 100 विका की 50. सौदा निम्मा केला की ते टक्क्याने दुप्पट पडतं. म्हणून निम्म्याच्याही निम्मा करायचा नाही, असं आम्ही ठरवलं.

नियम त्याने ठेवला आहे, दहा सौद्यांच्या सरासरीने. दोनशे सौदे झाले की चिठ्ठ्या पुन्हा काढायच्या. डबा बहिणीने धान्याच्या फळीवर ठेवून दिलाय.