रोजेदार पाहुण्यांचे आतिथ्य

रमजानच्या महिन्यात एखाद्या स्नेह्यास इफ्तारास घरी बोलवावे असे पुष्कळांच्या मनात येते. परंतु काय करावे, काय करू नये, याचा उलगडा न झाल्यामुळे तो बेत बहुधा मनातच राहतो. आमच्या घरी हा योग २०२५ सालच्या मार्च महिन्याच्या १० तारखेस आला. त्या दिवशी नववा रोजा होता, आणि आमच्या पंचांगाप्रमाणे आमलकी एकादशी. यात नवल असे काही नाही. रमजानचा महिना अमावास्येनंतरच्या नव्या चंद्रदर्शनाने सुरू होतो. त्यामुळे त्याचा नववा-दहावा दिवस आमच्या शुद्ध एकादशीच्या आसपासच यावयाचा.

पाहुणे असे होते : शाळेत आमच्याबरोबर गणित शिकवीत असलेले एक जुने सहकारी, त्यांच्या पत्नी, मुलगा व सून, आमच्या इमारतीत राहणाऱ्या, शिया पंथाच्या एक डॉक्टरीणबाई, आणि शेजारचे एक जैन दांपत्य. घरची आम्ही पाच माणसे धरून पंगत बारांची झाली.

पहिला प्रश्न वेळेचा. इफ्तार सूर्यास्तास होतो. पाहुणे जमतील तेव्हा नव्हे. पुण्यास त्या दिवशी सूर्यास्त सुमारे ६ वाजून ४३ मिनिटांनी होता. मुंबईस तो चार मिनिटे उशिरा, तर नागपुरास वीस मिनिटे आधी होतो. म्हणून दुसऱ्या गावचे वेळापत्रक हाती धरून चालू नये. आपल्या भागातील मशिदीचे छापील वेळापत्रक मागून घ्यावे आणि घड्याळ त्याशी जुळवावे. बंद खिडक्यांच्या घरात अजान ऐकू येईलच असा भरवसा नसतो. शिया मंडळी पूर्वेकडील लाली मावळेपर्यंत थांबतात. आमच्या डॉक्टरीणबाईंनी इतरांहून सुमारे पाव तास उशिरा रोजा सोडला. हे आधी विचारून ठेवलेले असल्यामुळे त्यांस कोणी आग्रह केला नाही.

खरी अडचण जैन शेजाऱ्यांची होती. ते चौविहार पाळतात, म्हणजे सूर्यास्तानंतर अन्न नाही की पाणीही नाही. एकाचे ताट ज्या क्षणी उघडावयाचे त्याच क्षणी दुसऱ्याचे बंद व्हावयाचे! एकाच पंगतीत दोघांस बसविण्याचा हट्ट धरला असता तर कोणी तरी उपाशी राहिले असते. म्हणून शेजाऱ्यांस आम्ही सहा वाजताच आतल्या खोलीत मुगाची खिचडी व कढी वाढली. तीत कांदा, लसूण, बटाटा काही नव्हते. साडेसहापर्यंत त्यांचे पाणी पिऊन झाले आणि मग ते सर्वांबरोबर केवळ गप्पांस बसले. रोजेदारांसमोर बसून जेवण्याचा संकोच त्यामुळे त्यांसही पडला नाही.

खजुराविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. खजुराने व पाण्याने रोजा सोडावा असा पैगंबरांचा परिपाठ सांगतात, आणि तो विषम संख्येने, बहुधा तीन, खाण्याची चाल आहे. पाच रोजेदारांस पंधरा खजूर पुरे होते. तरी आम्ही अर्धा किलो आणला. खजूर खारकेसारखा कडक नसावा. तेरा तासांच्या कोरड्या तोंडास मऊ फळच सोसते. वर पांढरी पूड दिसली तर ती बुरशी समजून टाकू नये. ऊन पाण्यात ती विरघळली तर ती साखर होय. बुरशी लोकरीसारखी असते, आणि खरा दोष तर आत दडलेला असतो. प्रत्येक खजूर उभा चिरून बी काढावी; आत काजळीसारखी काळी भुकटी किंवा कीड दिसल्यास तो फेकावा. आमच्या अर्ध्या किलोत असे चार निघाले. बाहेरून ते चारही उत्तम दिसत होते.

स्वयंपाक आमचा शाकाहारीच. त्यामुळे हलाल मांसाचा प्रश्न उद्भवला नाही. तरी बाजारच्या गोड पदार्थांत जिलेटिन असू शकते, आणि व्हॅनिलाच्या अर्कात मद्यार्क असतो. म्हणून गोड घरचेच असावे. बहुतेक यजमान येथे एक चूक करतात : सगळे अन्न एकदम मांडतात. रोजा सोडल्यावर पाहुण्यांस मगरिबचा नमाज पढावयाचा असतो, आणि तेवढ्यात ताटे गार होतात; किंवा यजमानाच्या आग्रहास्तव नमाज लांबतो. म्हणून दोन वाढण्या कराव्यात. पहिलीत खजूर, साधे पाणी, लिंबाचे सरबत व पपई-केळ्याच्या फोडी. पाणी फार थंड नसावे. मग दहा मिनिटे नमाज. तेवढ्यात आमच्या सूनबाईंनी कांदाभजी तळून काढली. मागाहून मटारची उसळ, पोळ्या, मसालेभात व शेवयांची खीर. सौभाग्यवतींस व आम्हांस एकादशी असल्यामुळे वरईचे तांदूळ व दाण्याची आमटी वेगळी होती. गणिताच्या मास्तरांनी तीही मागून घेतली आणि उपासाचे पदार्थ इतके जड कसे, असा प्रश्न विचारला. त्याचे उत्तर आम्हांस देता आले नाही.

राहिला नमाजाच्या जागेचा प्रश्न, आणि घरात वाद झाला तो त्यावरूनच. आमच्या वहिनी ऐंशी वर्षांच्या; सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. “जेवावयास घाला, पण देवघराच्या घरात नमाज कशास?” असे त्यांनी स्पष्ट विचारले. देव झाकून ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. तसे पाहुण्यांसही रुचले नसते. आम्ही मुलाची अभ्यासाची खोली निवडली. तिच्या पश्चिमेच्या भिंतीवर चित्र वा तसबीर नव्हती. पुण्याहून काबा पश्चिमेच्या सुमारे दहा अंश उत्तरेस पडतो. होकायंत्राने ती रेषा पाहून धुतलेल्या चादरी तशाच किंचित तिरप्या अंथरल्या. प्रत्येकास दोन फूट रुंद, चार फूट लांब एवढी जागा पुरते. स्त्रियांसाठी मागील ओळ ठेवली होती. वजूसाठी मोरीत बादली, तांब्या व कोरडे पंचे ठेवले आणि पायाखाली जाड पायपुसणे घातले, कारण ओल्या पायांनी फरशीवर वृद्ध माणूस हमखास घसरतो. नमाज चालू असता समोरून जाऊ नये, म्हणून नातवास स्वयंपाकघरात गुंतवून ठेवले.

त्याच वेळी आमची सायंसंध्या व दिवेलागणही होती. वहिनींनी देवघराचे दार लोटून घेऊन आत निरांजन लावले. अभ्यासाच्या खोलीतून मास्तरांचा हलका स्वर येत होता. वहिनी पंगतीस बसल्या नाहीत. मास्तरांच्या पत्नींच्या गुडघ्याची चौकशी मात्र त्यांनी बाहेर येऊन केली, आणि त्या दोघी बराच वेळ औषधांविषयी बोलत बसल्या.

पाहुण्यांस साडेसातनंतर अधिक आग्रह करू नये. पुढे इशाचा नमाज व तरावीह असते आणि भरल्या पोटी तासभर उभे राहणे कठीण जाते. आमची मंडळी आठास निघाली. उरलेला खजूर पहाटेच्या सहरीसाठी डब्यात घालून दिला. तो डबा दुसऱ्या दिवशी आवळ्याच्या सुपारीने भरून परत आला. वहिनींस ती चालते हे मास्तरीणबाईंनी विचारून ठेवले होते.