अंगठ्याचे दहा आकडे

गेल्या पावसाळ्यात आईचे उजवे मनगट मोडले आणि आमच्या घरी एक पेच उभा राहिला. बारा वर्षे ती स्वतःच इन्शुलिनचे पेन वापरून न्याहारीपूर्वी 14 आणि रात्रीच्या जेवणापूर्वी 8 युनिट घेत असे. आता हात प्लास्टरमध्ये. मी शंभर किलोमीटर दूर. घरी केवळ एकोणऐंशी वर्षांचे बाबा. एका रविवारी जाऊन मी त्यांना सगळी कृती सलग दोनदा करून दाखवली, त्यांनी मान डोलावली आणि मी निश्चिंत मनाने परतलो.

पंधरा दिवसांत आईची उपाशीपोटीची साखर दीडशेवरून 240 वर गेली. रात्रीची मात्रा दोन युनिटांनी वाढवावी, असे माझ्या मनात आले होते. फोनही हातात घेतला होता. पण आहार तोच, औषधे तीच. बदलला होता तो फक्त सुई टोचणारा हात. म्हणून पुन्हा गाडी काढली.

या वेळी दाखवणे बंद केले. कॅलेंडरच्या पाठीवर कृतीचे सात तुकडे लिहिले: दुधाळ इन्शुलिन पेन हलकेच घोळवून एकजीव करणे, सुई बसवणे, 2 युनिट हवेत सोडून टोकाशी थेंब दिसतो का ते पाहणे, मात्रेचा आकडा लावणे, टोचणे, बटण पूर्ण दाबून धरणे, सुई काढून टाकणे. उघडून 28 दिवस उलटल्यामुळे बाद झालेले एक पेन घरात होते. त्यावर लाल पट्टी चिकटवली, म्हणजे ते चुकून आईसाठी वापरले जाणार नाही. भांडी घासायचा नवा कोरडा स्पंज घेतला आणि बाबांना एकेक तुकडा सुटासुटा करायला लावला. मी गप्प बसलो. डॉक्टराला हे जड जाते.

"तुम्हाला सर्वांत अवघड काय वाटतं?" मी आधी विचारले होते. "टोचणं. तुझ्या आईला दुखेल असं वाटतं रे," बाबा म्हणाले. प्रत्यक्षात त्यांनी सुई अगदी सरळ टोचली. आकडाही चष्मा लावून अचूक लावला. गडबड होती सहाव्या तुकड्यात. बटण शून्यापर्यंत जाई, पण संधिवाताने आखडलेला अंगठा लगेच उचलला जाई आणि दहा आकडे ते तीन सेकंदांत मोजून मोकळे होत. सुई बाहेर येताच स्पंजवर ठळक थेंब उमटे. आईच्या पोटावरही असाच ओलावा राहत होता. तिने तो कापसाने पुसला, मला मात्र कळवला नव्हता.

ज्या तुकड्याची भीती वाटते तोच कच्चा असतो असे नाही, हे मला त्या दिवशी उमगले. मी पंधरा दिवस फोनवरून बाबांची भीती घालवत होतो आणि गळत होते ते इन्शुलिन. त्या गळतीवर मात्रा वाढवली असती, तर पुढे हात सुधारताच आईची साखर सत्तरच्या खाली घसरू शकली असती.

मग आम्ही फक्त सहावा तुकडा घेतला. पेन मुठीत, अंगठा बटणावर सरळ उभा, कोपर टेबलावर टेकलेले. आकडा 2 वर लावून स्पंजमध्ये टोचायचे, बटण दाबायचे आणि "एक विठ्ठल, दोन विठ्ठल" असे दहापर्यंत म्हणायचे. सुई पूर्ण बाहेर येईस्तोवर अंगठा उचलायचा नाही. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे, अधिक नाही, कारण थकलेला अंगठा पुन्हा जुनीच चूक शिकतो. त्या दिवसांत आईला सुई द्यायला शेजारच्या परिचारिका येत.

तिसऱ्या दिवशी स्पंज कोरडा राहिला. तेव्हा नवा कच्चा तुकडा पुढे आला: सुईची आतली टोपी काढताना बोटाला टोचणे. तो एका दिवसात सुटला. मग टोचणे, धरणे आणि काढणे हे तिन्ही जोडले, शेवटी सातही. पक्क्या तुकड्यांवर आम्ही वेळ घालवला नाही. अपवाद एकच, मात्रेच्या आकड्याचा. तो बाबांना उत्तम येत होता, तरी तिथली चूक जिवावर बेतू शकते, म्हणून ते आकडा मोठ्याने वाचतात, आई पाहून "बरोबर" म्हणते, मगच सुई टोचली जाते.

आपल्या घरीही साखर विनाकारण वाढलेली दिसली, तर मात्रा स्वतःहून बदलू नका. सुई काढल्यावर त्वचेवर थेंब राहतो का आणि चकती शून्यावर आली का, हे आधी पाहा आणि डॉक्टरांना सांगा.

आईची साखर आठवड्याभरात पुन्हा दीडशेच्या आसपास आली, त्याच मात्रेवर. प्लास्टर निघून आता दोन महिने झाले, पण सुई बाबाच देतात. आईची तक्रार एवढीच, की पहाटे सहाला ते विठ्ठल फार मोठ्याने मोजतात.