दहा मशीन, एकच चेहरा

गेमिंग कॅफेत हरलेला माणूस सगळ्यात आधी मशीनला दोष देतो. टीमला नंतर, स्वतःला तर कधीच नाही. हे माहीत असूनही त्याचं म्हणणं उडवून लावता येत नाही, कारण कधीकधी ते खरं असतं. चार नंबरचं मशीन खरंच अडखळत असतं आणि सहा नंबरचं लोण्यासारखं चालत असतं. मग पोरं सहा नंबरसाठी भांडतात, चार नंबर रिकामं राहतं आणि भाडं मात्र दहा खुर्च्यांच्या जागेचं भरावं लागतं.

सांगलीत माझ्या मावसभावानं कॅफे काढायचं ठरवलं, तेव्हा मावशीनं त्यासाठी मोडलेली एफडी ही घरातली शेवटची मोठी रक्कम होती. दुकानदारानं दिलेल्या पहिल्या कोटेशनमध्ये दोन ‘प्रो’ मशीन, चार मधली आणि चार स्वस्तातली अशी विभागणी होती. हॉटेलच्या मेनूसारखी दिसायला छान. भाऊ म्हणाला, “दादा, प्रोचा रेट जास्त लावू की.” मी त्याला विचारलं, “पाच मित्र एकत्र व्हॅलोरंट खेळायला आले तर?” पाचांची टीम दोन प्रो आणि तीन स्वस्त मशीनवर बसणार नाही. कॅफेत लोक एकेकटे कमी येतात, टोळीनं जास्त येतात. म्हणून दहाही मशीन एकसारखीच घ्यायची, हा निर्णय तिथेच झाला. आता प्रश्न उरला की ते एक मशीन कोणतं.

इथे बहुतेक जण ग्राफिक्स कार्डापासून सुरुवात करतात आणि बजेटचा मोठा घास तिथेच जातो. पण आमच्याकडे येणारी गिऱ्हाइकं खेळणार व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक 2. हे खेळ 1080p वर, सेटिंग्ज खाली ओढून खेळले जातात. तेव्हा कार्डावर ताण कमी असतो. धावपळ प्रोसेसरची होते. आम्ही रायझेन 5 5600 निवडला. दुकानदार त्याऐवजी 5500 किंवा 5600G देत होता, “नाव जवळपास तेच, सहाच कोअर,” म्हणून. फरक आतल्या कॅशमध्ये आहे: 5600 मध्ये 32 एमबी एल3 कॅश असते, त्या दोघांत 16. प्रोसेसरला हाताशी ठेवलेली माहिती पुन्हा पुन्हा लागते, अशा खेळांत हा फरक जाणवतो. कार्ड आरएक्स 6600 घेतलं. या खेळांसाठी ते पुरून उरतं.

दहा मशीनची ऑर्डर देण्याआधी आम्ही एकच मशीन जोडून घेतलं आणि आठवडाभर छळलं. दहाच्या ऑर्डरच्या आशेनं दुकानदारानंही ते ऐकलं. बघायचं काय, हे ठरलेलं होतं. 144 हर्ट्झचा मॉनिटर दर सात मिलिसेकंदांनी नवं चित्र मागतो. सरासरी एफपीएस दोनशे दिसला तरी त्यानं पोट भरत नाही, कारण खेळणारा मरतो तो सरासरीत नाही. तो मरतो धुराचे दोन ग्रेनेड फुटलेत, चार जण एकाच दारातून आत घुसलेत, त्या अर्ध्या सेकंदात. म्हणून आम्ही सरासरीपेक्षा ‘वन पर्सेंट लो’ बघत होतो, म्हणजे सगळ्यात हळू आलेल्या एक टक्का फ्रेम्सचा वेग.

या चाचणीत दोन गोष्टी उघड झाल्या. दुकानदारानं 16 जीबीची एकच रॅम स्टिक लावली होती. तिच्या जागी 8-8 च्या दोन लावल्यावर, क्षमता तेवढीच असून, धुरातले झटके बरेच कमी झाले, कारण दोन स्टिक असल्या की प्रोसेसरला मेमरीकडे जायला दोन रस्ते मिळतात. दुसरं म्हणजे रॅमच्या पाकिटावर 3200 लिहिलं असलं तरी बायॉसमध्ये एक्सएमपी किंवा डीओसीपी चालू करेपर्यंत ती कमी वेगानंच चालत होती. एवढं करूनही काउंटर-स्ट्राइकमध्ये अगदी दाट धुरात आकडा 144 च्या खाली उतरायचाच. व्हॅलोरंटमध्ये तसं झालं नाही. ती मर्यादा आम्ही मान्य केली, कारण ती ओलांडायला लागणाऱ्या प्रोसेसरच्या पैशांत तीन खुर्च्या कमी झाल्या असत्या.

दहा मशीन आली. एकावर विंडोज 11, ड्रायव्हर आणि सगळे खेळ टाकले आणि क्लोनझिलानं त्या डिस्कची नक्कल बाकी नऊवर उतरवली. एकसारखेपणाचा हा पहिला फायदा: एकदाच नीट करा, नऊ वेळा छापा. पण बायॉसच्या सेटिंग्ज डिस्कवर नसतात, मदरबोर्डवर असतात. त्यामुळे टीपीएम, सिक्युअर बूट आणि रॅमचा वेग दहाही ठिकाणी हातानं लावावा लागतो. एका मशीनवर हे राहिलं होतं. तिथे व्हॅलोरंटनं VAN9003 दाखवून दार बंद केलं. हा सिक्युअर बूटचा निरोप आहे, म्हणून पाच मिनिटांत सुटलं. मॉनिटरचंही तसंच. 144 चा मॉनिटर विंडोजमध्ये 60 वर चालत असू शकतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. तुम्ही कुठल्याही कॅफेत बसलात तर Advanced display मध्ये जाऊन तो आकडा बघा. 60 दिसला तर मालकाला सांगा.

अपडेट ही दुसरी परीक्षा. खेळाचा 30 जीबीचा अपडेट 100 एमबीपीएस लाइनवर एका मशीनला साधारण चाळीस मिनिटं घेतो. दहा मशीन म्हणजे पावणेसात तास, आणि तेवढा वेळ सगळ्यांचा पिंग आकाशाला भिडलेला. उपाय साधा आहे. स्टीमवरचे खेळ लोकल नेटवर्कवरून एका मशीनवरून दुसऱ्यावर जातात, तशी सोय स्टीममध्येच आहे. गिगाबिट स्विच असेल तर तेच 30 जीबी पाचेक मिनिटांत पोचतात. भाऊ रात्री कॅफे बंद केल्यावर एका मशीनवर अपडेट उतरवतो आणि मग बाकीच्यांना वाटतो.

एकसारखेपणाचा खरा उपयोग मात्र दुसऱ्या महिन्यात कळला. सात नंबर खेळता खेळता अचानक रीस्टार्ट व्हायला लागलं. भावाचा फोन आला, “दादा, सात परत गेलं. मदरबोर्ड असणार रे.” मी म्हटलं, अंदाज नको, अदलाबदल कर. त्यानं सातची रॅम तीनमध्ये आणि तीनची सातमध्ये टाकली. रीस्टार्ट सातमध्येच राहिले, म्हणजे रॅम निर्दोष. मग पॉवर सप्लाय बदलले, तर दुखणं उठून तीनमध्ये गेलं. गुन्हेगार सापडला. वेगवेगळी मशीन असती तर हा भाग त्यात बसेल का, इथूनच सुरुवात झाली असती. कपाटात एक पॉवर सप्लाय, एक एसएसडी, रॅमची एक जोडी, दोन माउस आणि दोन हेडफोन जादा ठेवलेले होते, त्यामुळे तीन नंबर त्याच संध्याकाळी पुन्हा भाड्यावर गेलं. जुना सप्लाय वॉरंटीत गेला.

याची एक किंमत आहे आणि ती आधीच हिशोबात धरावी लागते. एकसारखी मशीन एकदमच म्हातारी होतात. ज्या दिवशी एखादा नवा खेळ त्यांना झेपणार नाही, त्या दिवशी तो दहाहीजणींना झेपणार नाही. म्हणून भाऊ दर महिन्याच्या कमाईतून मशीनमागे ठरलेली रक्कम बाजूला टाकतो आणि ती वही मावशीकडे असते. ती व्हॅलोरंट खेळत नाही, पण कोणत्या नंबरचं मशीन किती तास बंद होतं, हे तिला तोंडपाठ आहे.